व्हिनेगरमधलं ऍसिटिक ऍसिड मोजताना: पातळ किती करायचं आणि रंग कोणता बघायचा

वाशीच्या एपीएमसी मार्केटमधून पाच लिटरचा कॅन आणा नाहीतर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून छोटी बाटली, पांढऱ्या सिंथेटिक व्हिनेगरवर बहुतेक वेळा ४ टक्के आम्लता लिहिलेली असते. भारतीय अन्न सुरक्षा नियमांनुसार व्हिनेगरमध्ये किमान ३.७५ टक्के ऍसिटिक ऍसिड असायला हवं, म्हणजे १०० मिलि व्हिनेगरमध्ये ३.७५ ग्रॅम. लोणची, सॉस किंवा व्हिनेगरमधल्या मिरच्या बनवणाऱ्या लहान युनिटला कॅनमध्ये नेमकं किती आहे ते स्वतः तपासायचं असेल, तर पीएच मीटर व्हिनेगरमध्ये बुडवून ते कळत नाही. ऍसिटिक ऍसिड हे दुर्बल आम्ल आहे. व्हिनेगर निम्मं पाणी घालून पातळ केलं तरी पीएच जेमतेम ०.१५ ने वाढतो. कॅनमध्ये पाणी मारलंय का, हे त्यावरून कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. त्यासाठी टायट्रेशनच करावं लागतं.

प्रयोग बारावी-एफवायच्या पातळीचा आहे, पण तरीही उत्तरं इकडची तिकडे होतात. त्याची कारणं बहुतेक वेळा तीनच असतात: कॉस्टिक सोड्याची ताकद गृहीत धरणं, नमुना चुकीच्या प्रमाणात पातळ करणं आणि चुकीचा दर्शक वापरणं. म्हणून खाली एकच उदाहरण शेवटपर्यंत नेलं आहे. ४ टक्के लेबल असलेलं पांढरं व्हिनेगर आणि साधारण ०.१ नॉर्मल कॉस्टिक सोडा.

आधी कागदावर हिशेब

४ टक्के व्हिनेगर म्हणजे लिटरमागे ४० ग्रॅम ऍसिटिक ऍसिड. त्याचा रेणुभार ६०.०५, म्हणजे द्रावण साधारण ०.६७ मोलर झालं. ब्युरेटमधला सोडा ०.१ नॉर्मल आहे, म्हणजे व्हिनेगर त्याच्या जवळजवळ सातपट जोरदार. २५ मिलि व्हिनेगर तसंच फ्लास्कमध्ये घेतलं तर सुमारे १६७ मिलि सोडा लागेल. ५० मिलिची ब्युरेट चारदा भरावी लागेल आणि प्रत्येक भरणीत वाचनाची चूक नव्याने जमा होईल.

मग थेट २ मिलि व्हिनेगर घेऊन टाकावं का? तसं करणारे बरेच आहेत. पण २ मिलिच्या पिपेटमध्ये ०.०२ मिलि इकडेतिकडे झालं की उत्तरात थेट १ टक्क्याची चूक येते, आणि पिपेटच्या टोकाला लटकलेला अर्धा थेंबसुद्धा तेवढाच असतो. ब्युरेटवरही तोच हिशेब. सुरुवातीचं आणि शेवटचं वाचन मिळून सहज ०.१ मिलि पुढेमागे होतं. एकूण वाचन ६.७ मिलि असेल तर ही चूक दीड टक्का होते, १६.७ मिलि असेल तर ०.६ टक्का. बऱ्याच कॉलेजांच्या जर्नलमध्ये १० मिलि व्हिनेगरचं १०० मिलि करून त्यातले १० मिलि घ्यायला सांगतात. त्यात वाचन नेमकं ६.७ मिलिच्या आसपास येतं. सरावासाठी ठीक, पण कॅन परत पाठवायचा की ठेवायचा हे ठरवायचं असेल तर ते वाचन तोकडं पडतं.

म्हणून इथे २५ मिलि व्हिनेगर २५० मिलिपर्यंत पातळ करायचं आणि त्यातलं दर वेळी २५ मिलि टायट्रेशनला घ्यायचं. प्रमाण तेच, दहापट. पण दोन्ही मापं मोठी असल्याने चूक लहान होते. एकदा केलेल्या २५० मिलिमधून आठ-नऊ टायट्रेशन सहज निघतात.

पाणी आणि कॉस्टिक सोडा

नळाचं पाणी वापरायचं नाही, मग ते मोरबे धरणाचं असो की भातसाचं. नळाच्या पाण्यात बायकार्बोनेट असतं. ते व्हिनेगरमधलं थोडं आम्ल खातं आणि त्यातून सुटलेला कार्बन डायऑक्साइड हवेत निघून गेला की तेवढं आम्ल मोजणीतून कायमचं वजा होतं. घरच्या आरओ फिल्टरचं पाणीही याला चालत नाही, कारण त्यातही क्षार उरतात आणि काही यंत्रांत ते चवीसाठी मुद्दाम परत मिसळलेले असतात. डिस्टिल्ड वॉटर घ्या. ते न मिळाल्यास बॅटरीत घालायचं डीमिनरलाइज्ड पाणी चालतं. कोणतंही असो, दहा मिनिटं खळखळून उकळा, झाकण ठेवून पूर्ण थंड होऊ द्या आणि मगच वापरा. उकळण्याने विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. कोमट पाणी मोजणी फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत भरलं तर ते थंड झाल्यावर आक्रसतं आणि पातळी खुणेच्या खाली जाते. त्यामुळे इथे घाई नको.

कॉस्टिक सोड्याच्या गोळ्या म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड. ०.१ नॉर्मलसाठी लिटरला ४ ग्रॅम हे पुस्तकी वजन आहे. पण जुलै-ऑगस्टमध्ये ठाण्यात या गोळ्या काट्यावर ठेवल्या की बघता बघता ओलसर, चकचकीत होतात. काट्यावरचा आकडाही स्थिर राहत नाही, हळूहळू चढत जातो, कारण त्या हवेतलं पाणी ओढत असतात. त्याशिवाय त्या कार्बन डायऑक्साइडही शोषतात. म्हणजे वजन केलेल्या ४ ग्रॅममध्ये सोडा ४ ग्रॅम नसतोच. म्हणून झटपट साधारण ४.२ ग्रॅम तोला, प्लास्टिकच्या भांड्यात थोड्या थंड पाण्यात विरघळवा, गार झाल्यावर एक लिटर करा आणि घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या बाटलीत भरा. काचेच्या बाटलीला काचेचं बूच लावलं तर काही दिवसांत ते असं घट्ट बसतं की निघता निघत नाही. विरघळताना द्रावण चांगलंच तापतं, आणि त्याचा थेंब डोळ्यात गेला तर व्हिनेगरपेक्षा कितीतरी जास्त इजा होते. चष्मा लावा, हातमोजे घाला.

कार्बोनेटचा त्रास मुळातून टाळायचा असेल तर एक जुनी युक्ती आहे. ५० ग्रॅम गोळ्या ५० मिलि पाण्यात, भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून, हळूहळू विरघळवा आणि प्लास्टिकच्या बाटलीत झाकून काही दिवस स्थिर ठेवा. इतक्या दाट सोड्यात सोडियम कार्बोनेट विरघळत नाही, तळाशी बसतं. वरचं नितळ द्रावण सुमारे ५.३ मिलि घेऊन उकळून थंड केलेल्या पाण्यात एक लिटर केलं की साधारण ०.१ नॉर्मल होतं. रोज टायट्रेशन करणाऱ्याला हे परवडतं. एकदाच करायचं असेल तर ताज्या गोळ्या पुरेत.

सोड्याची खरी ताकद

कसाही बनवला तरी सोडा प्रमाणित करावाच लागतो. त्यासाठी ऑक्झॅलिक ऍसिडचे स्फटिक सोयीचे, प्रिन्सेस स्ट्रीटवर प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानांत सहज मिळतात. त्यात पाण्याचे दोन रेणू धरून रेणुभार १२६.०७ आणि सममूल्यभार त्याच्या निम्मा, ६३.०४. हे स्फटिक ओव्हनमध्ये वाळवायचे नाहीत. वाळवले तर त्यातलं पाणी उडतं आणि मग हा सममूल्यभार लागू राहत नाही. पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट वापरत असाल तर ते मात्र ११० अंशांवर दोन तास वाळवून, डेसिकेटरमध्ये गार करून घ्यायचं. दोघांची शिस्त एकमेकांच्या उलटी आहे आणि इथे गफलत नेहमी होते. ऑक्झॅलिक ऍसिड विषारी आहे. स्वयंपाकघरातल्या भांड्यात ते करू नका.

उदाहरणात १.५८१२ ग्रॅम स्फटिक तोलून २५० मिलिच्या मोजणी फ्लास्कमध्ये पातळ केले. १.५८ हाच आकडा साधायची गरज नाही. जे वजन येईल ते नीट लिहून ठेवणं महत्त्वाचं.

```
ऑक्झॅलिकची नॉर्मलिटी = १.५८१२ ÷ (६३.०४ × ०.२५०) = ०.१००३३
```

यातले २५ मिलि पिपेटने कॉनिकल फ्लास्कमध्ये घेऊन फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब टाकले. ब्युरेटमधून सोडा सोडला. जुळणारं वाचन २५.५५ मिलि आलं.

```
सोड्याची नॉर्मलिटी = (२५.०० × ०.१००३३) ÷ २५.५५ = ०.०९८२
```

सोडा ०.१ नाही, ०.०९८२ आहे. हा फरक क्षुल्लक वाटतो, पण शेवटच्या उत्तरात तो किती भरतो ते पुढे दिसेल. प्रमाणीकरणाला जो दर्शक वापरला तोच व्हिनेगरलाही वापरायचा, हे विसरू नका. सोड्यात थोडं कार्बोनेट असतंच. फिनॉल्फ्थॅलीनच्या रंगबदलापाशी ते निम्मंच मोजलं जातं, मिथिल ऑरेंजच्या रंगबदलापाशी पूर्ण. एकाने प्रमाणित करून दुसऱ्याने मोजलं तर एकाच बाटलीची ताकद दोन वेगवेगळी धरली जाते.

याच कारणाने बाटली पंधरा दिवस उघडझाप होत राहिली की सोडा मंदावतो. मंद सोडा जास्त लागतो, आणि जुनाच आकडा धरून हिशेब केला तर व्हिनेगर आहे त्यापेक्षा जोरदार दिसतं. ज्या दिवशी मोजायचं त्याच दिवशी प्रमाणित करणं सगळ्यात निर्धोक.

व्हिनेगर पातळ करणं

बाटली हलवून घ्या. २५ मिलिची पिपेट आधी थोड्या व्हिनेगरनेच दोनदा विसळा आणि ते विसळण फेकून द्या. पिपेटमध्ये पाणी राहिलं असेल तर तेवढं व्हिनेगर कमी भरतं. तोंडाने ओढायचं नाही, रबरी बल्ब किंवा पिपेट फिलर वापरा. खुणेच्या थोडं वर ओढा, पिपेटचं बाहेरचं अंग पुसा, मग डोळ्याच्या पातळीला धरून वक्राचा तळ खुणेला टेकेपर्यंत सोडा. २५० मिलिच्या फ्लास्कमध्ये रिकामी करताना टोक काचेला टेकवून ठेवा आणि प्रवाह थांबल्यावर काही सेकंद तसंच राहू द्या. टोकात उरलेला थेंब फुंकून काढायचा नाही. साध्या पिपेटचं माप तो थेंब आत राहणार असं धरूनच केलेलं असतं.

मग उकळून गार केलेलं पाणी अर्ध्यापर्यंत घाला, फ्लास्क गोल फिरवा, खुणेजवळ आल्यावर ड्रॉपरने थेंब थेंब भरा. बूच लावून फ्लास्क पंधरा-वीस वेळा पूर्ण उलटासुलटा करा. मोजणी फ्लास्कची मान अरुंद असते. तिच्यातलं पाणी नुसतं हलवून खाली मिसळत नाही. नीट मिसळलं नसेल तर पहिलं टायट्रेशन एक सांगतं, तिसरं वेगळंच सांगतं, आणि दोष उगाच ब्युरेटला लागतो.

आता या पातळ द्रावणाने पिपेट विसळून २५ मिलि कॉनिकल फ्लास्कमध्ये घ्या. हा फ्लास्क मात्र फक्त डिस्टिल्ड पाण्याने धुतलेला हवा, पातळ व्हिनेगरने विसळलेला नको. विसळल्यावर काचेला अर्धा मिलि जरी चिकटून राहिलं तरी आम्ल २ टक्क्यांनी जास्त भरतं. उलट, फ्लास्कमध्ये आधीच थोडं डिस्टिल्ड पाणी असलं तर काहीही बिघडत नाही. २५ मिलिमध्ये मोजून घातलेलं आम्ल तेवढंच राहतं, भोवती पाणी किती आहे याने फरक पडत नाही. मोजणी फ्लास्कमध्ये मात्र एकेक थेंब हिशेबात धरला जातो. हा फरक ज्याला उमगला, त्याचे निम्मे घोळ आपोआप मिटतात. कॉनिकल फ्लास्कमध्ये अंदाजाने आणखी २५ मिलि पाणी घाला, रंग पाहायला सोपं जातं.

दर्शक: फिनॉल्फ्थॅलीनच का

कोणताही दर्शक ठरावीक पीएचच्या पट्ट्यात रंग बदलतो. तो पट्टा आपल्या टायट्रेशनच्या उडीच्या आत पडायला हवा. व्हिनेगरमध्ये सोडा घालत गेलं की पीएच सुरुवातीच्या ३ पासून हळूहळू वर सरकतो. अर्धं आम्ल संपलं की तो ४.७६ असतो. त्यानंतरही बराच वेळ तो ५ ते ६ च्या आसपास रेंगाळतो. मग सगळं आम्ल संपण्याच्या जागी एकदम उसळी. आपल्या उदाहरणात शेवटच्या एका थेंबाआधी पीएच सुमारे ७.३ असतो आणि एक थेंब जास्त पडल्यावर ९.९ च्या आसपास. म्हणजे दोन थेंबांत अडीच एकक.

नेमक्या समतुल्य क्षणी फ्लास्कमध्ये सोडियम ऍसिटेट उरतं. ते पाण्यात किंचित अल्कधर्मी असतं, म्हणून त्या क्षणी पीएच ७ नसून साधारण ८.६ असतो. फिनॉल्फ्थॅलीन ८.३ च्या सुमारास रंगहीनवरून गुलाबी व्हायला लागतं आणि १० ला गडद होतं. म्हणजे फिकट गुलाबी छटा बरोबर उसळीच्या मधोमध दिसते.

आता मिथिल ऑरेंज घेतलं तर काय होतं बघा. त्याचा पट्टा ३.१ ते ४.४, लाल ते पिवळा. आपल्या फ्लास्कमध्ये पीएच सुरुवातीलाच ३.१ च्या आसपास आहे. थोडा सोडा पडला की ते नारिंगी व्हायला लागतं आणि पीएच ४.४ ला, म्हणजे जेमतेम ३० टक्के आम्ल संपलेलं असताना, पूर्ण पिवळं होतं. ब्युरेटवर तेव्हा पाच मिलिच गेलेले असतात. या वाचनावरून व्हिनेगर १.२ टक्क्याचं ठरेल. शिवाय रंग एका थेंबात पालटत नाही, पाच मिलिभर सावकाश सरकत राहतो. दोन माणसं एकाच फ्लास्ककडे बघून दोन वेगळी वाचनं सांगतील. रंग असा हळूहळू सरकताना दिसला की टायट्रेशन बिघडलेलं नाही, दर्शक चुकला आहे असं समजा.

मिथिल रेड ६.२ पर्यंत पिवळं होऊन संपतं, तेव्हा सुमारे ९६.५ टक्के आम्ल मोजलं गेलेलं असतं. उत्तर जवळपासचं येतं, पण दर वेळी कमीच. ब्रोमोथायमॉल ब्ल्यू ६.० ते ७.६, पिवळं ते निळं. पूर्ण निळं होईपर्यंत थांबलात तर चूक अगदी बारीक उरते, पण हिरव्या छटेलाच थांबलात तर अर्ध्या टक्क्याच्या आसपास कमी येतं आणि हिरवं नेमकं कधी म्हणायचं यावर वाद होतो. थायमॉल ब्ल्यूचा दुसरा पट्टा ८.० ते ९.६, पिवळं ते निळं. तो फिनॉल्फ्थॅलीनच्या तोडीचा आहे. गुलाबी छटा ओळखायला ज्यांना जड जातं, त्यांनी तो जरूर वापरावा.

फिनॉल्फ्थॅलीन अल्कोहोलमध्ये एक टक्का करून ठेवतात. दर फ्लास्कला दोन थेंब पुरे, आणि प्रत्येक फ्लास्कला तेवढेच. ते स्वतः दुर्बल आम्ल आहे, आणि जास्त ओतलं तर पाण्यात पांढुरकं गढूळ होतं. मग फिकट गुलाबी ओळखणं कठीण.

ब्युरेटपाशी

ब्युरेट सोड्यानेच दोनदा विसळा. त्यात पाणी राहिलं तर सोडा पातळ होतो आणि व्हिनेगर उगाच जोरदार दिसतं. भरल्यावर फनेल काढून घ्या, नाहीतर मध्येच त्यातून एक थेंब खाली पडतो आणि वाचन बिघडतं. तोटीच्या खालची नळी नीट बघा. तिथे हवेचा फुगा अडकलेला असेल तर तोटी एकदम पूर्ण उघडून त्याला बाहेर काढा. हा फुगा टायट्रेशनच्या मधेच सुटला तर दोन-तीन दशांश मिलि सोडा फ्लास्कमध्ये न पडताच वाचनात जातो.

फ्लास्कखाली पांढरी टाइल ठेवा. साधी पांढरी बाथरूमची टाइलही चालते. पहिलं टायट्रेशन झटपट, फक्त अंदाजासाठी. आपल्या कॅनला १६.८ च्या आसपास गुलाबी आलं. दुसऱ्यापासून १५.५ पर्यंत मोकळेपणाने सोडा सोडा, पुढे थेंबाथेंबाने, आणि प्रत्येक थेंबानंतर फ्लास्क गोल फिरवा. सोडा पडतो त्या जागी गुलाबी वलय उमटतं आणि फिरवल्यावर विरतं. वलय विरायला वेळ लागू लागला की एंड पॉइंट जवळ आला. तिथून पुढे अर्धा थेंब टोकाला लटकू द्या, तो फ्लास्कच्या आतल्या काचेला टेकवा आणि वॉश बॉटलच्या पाण्याने खाली ओढा.

अख्ख्या फ्लास्कमध्ये फिकट गुलाबी झाक आली आणि तीस सेकंद टिकली की थांबा. झाक मुद्दाम फिकट हवी. जांभळट-गडद गुलाबी आलं म्हणजे थेंब-दोन थेंब जास्त गेलेत. तीस सेकंदांनंतर तो रंग हळूहळू नाहीसा होईल, तेव्हा आणखी सोडा टाकू नका. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून पीएच परत ८.३ च्या खाली जातो, एवढंच. पंखा थेट फ्लास्कवर असेल तर रंग लवकर उडतो, तेव्हा पंखा बंद ठेवा.

आपल्या कॅनची पुढची तीन वाचनं १६.६०, १६.६० आणि १६.५५ आली. दोन जुळली, १६.६० धरलं. ब्लँकसाठी एका फ्लास्कमध्ये तेवढंच, म्हणजे ५० मिलि, उकळून गार केलेलं पाणी आणि दर्शकाचे दोन थेंब घेतले. त्याला ०.०५ मिलि सोडा लागला. तो वजा करून १६.५५ मिलि.

```
२५ मिलि पातळ द्रावण = मूळ व्हिनेगर २.५ मिलि
ऍसिटिक ऍसिड = १६.५५ × ०.०९८२ × ६०.०५ ÷ १००० = ०.०९७६ ग्रॅम
टक्केवारी = ०.०९७६ × १०० ÷ २.५ = ३.९० ग्रॅम दर १०० मिलि
```

कॅन ३.९ टक्के. लेबलपेक्षा किंचित कमी, पण नियमाच्या किमान मर्यादेपेक्षा वर. सोडा नुसता ०.१ धरून हिशेब केला असता तर ३.९८ आलं असतं आणि लेबल तंतोतंत बरोबर वाटलं असतं. ब्लँक ०.२ मिलिच्या वर गेला तर पाणी नीट उकळलेलं नाही किंवा फ्लास्कला आधीचं आम्ल चिकटलं आहे. तो आकडा मुकाट्याने वजा करून पुढे जाऊ नका, कारण शोधा.

काम झाल्यावर ब्युरेटमध्ये सोडा ठेवून घरी जाऊ नका. काचेची तोटी असेल तर ती सकाळपर्यंत जाम होते. पाण्याने, मग थोड्या पातळ व्हिनेगरने आणि परत पाण्याने धुवा.

गडद आणि आंबवलेली व्हिनेगरं

सफरचंद, ऊस किंवा जांभळाचं व्हिनेगर तपकिरी-लालसर असतं. त्यात गुलाबी झाक दिसतच नाही, किंवा आहे असा भास होतो. तळाशी गाळ असेल तर तो आधी कोरड्या गाळणी-कागदातून गाळून घ्या. मग कॉनिकल फ्लास्कमध्ये १०० ते १५० मिलि पाणी घालून रंग फिकट करा. आधी सांगितल्याप्रमाणे या पाण्याने उत्तर बदलत नाही, फक्त ब्लँकही तेवढ्याच पाण्याचा घ्या. शेजारी दुसऱ्या फ्लास्कमध्ये तेच पातळ व्हिनेगर दर्शक न टाकता ठेवा. दोन्हींत फरक पहिल्यांदा जिथे दिसतो तो एंड पॉइंट. इतकं करूनही शंका राहिली तर पीएच मीटर लावा, ७ आणि ९ च्या बफरवर मीटर जुळवून घ्या, आणि सोडा घालत ८.६ च्या आसपास थांबा. इथे पीएच मीटरचा खरा उपयोग होतो.

रंग काढायला ऍक्टिव्हेटेड कोळसा घालायचा मोह होतो. तो टाळा. ऍसिटिक ऍसिड कोळशावर किती शोषलं जातं हे मोजण्याचा प्रयोग बीएस्सीला मुद्दाम करून घेतात. तोच कोळसा इथे वापरला तर रंगाबरोबर मोजायचं आम्लही जातं आणि उत्तर कमी येतं.

आंबवलेल्या व्हिनेगरमध्ये फळातलं मॅलिक ऍसिडसारखं इतर आम्लही असतं, आणि सोडा सगळ्यांनाच मोजतो. म्हणून अशा नमुन्याचा निकाल ‘एकूण आम्लता, ऍसिटिक ऍसिडच्या रूपात’ असाच लिहायचा. सिंथेटिक व्हिनेगरमध्ये सल्फ्युरिक किंवा हायड्रोक्लोरिकसारखं खनिज आम्ल मिसळलेलं असेल तर तेही याच १६.५५ मध्ये लपून बसतं. टायट्रेशनचा आकडा उत्तम येतो आणि माल भेसळीचा असतो. त्याचा संशय असेल तर मिथिल व्हायोलेटचे थेंब टाकून बघतात. निव्वळ व्हिनेगरमध्ये जांभळा रंग टिकतो, खनिज आम्ल असेल तर तो निळा किंवा हिरवा होतो.